भिंत हटली, रेटा उरला

फ्रान्समधल्या शार्त्र या गावी 10 जून 1194 च्या रात्री आग लागली आणि तिथलं मोठं चर्च जवळजवळ सगळं जळालं. दर्शनी बाजू, तिथले मनोरे आणि तळघर तेवढं वाचलं. पुढची साधारण पंचवीस वर्षं गवंडी, पाथरवट आणि सुतार तिथे राबत होते. त्यातून जी इमारत उभी राहिली, तिच्या मधल्या दालनाचं दगडी छत जमिनीपासून सुमारे 37 मीटर वर आहे, म्हणजे आपल्याकडच्या बारा मजली इमारतीच्या आसपास. त्या उंचीवर भिंत म्हणावी असं फारसं काही नाही. खांबाशेजारी खिडकी, खिडकीशेजारी खांब, आणि खिडक्यांमध्ये निळ्या-तांबड्या काचा. अशा रंगीत काचेच्या खिडक्या तिथे पावणेदोनशेच्या घरात आहेत.

पहिल्यांदा आत शिरणारा माणूस वर बघतो आणि एवढ्या दगडाचा भार काचेनं कसा पेलला, असा प्रश्न त्याला पडतो. उत्तर आत सापडत नाही. त्यासाठी बाहेर येऊन इमारतीला वळसा घालावा लागतो. बाहेर दगडाच्या जाडजूड मनोऱ्यांची रांग उभी आहे आणि त्या प्रत्येकातून एक दगडी हात हवेतून तिरका वर जाऊन चर्चच्या भिंतीला टेकला आहे. खरं तर भार ही या बांधणाऱ्यांची मोठी अडचण नव्हतीच. चांगला चुनखडक दाबाखाली सहसा चिरडत नाही, आणि या चर्चमधल्या बहुतेक खांबांवर दगडाच्या ताकदीच्या मानानं अगदी थोडा दाब येतो. अडचण होती आडव्या रेट्याची.

कमान समजून घ्यायची तर दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून तळहात जुळवावेत आणि एकमेकांवर रेलावं. हात टिकतात, पण पाय मागे सरकू लागतात. कमानीचे दोन अर्धे असेच एकमेकांवर रेललेले असतात आणि तिच्या पायथ्याशी दोन्हीकडे बाहेरच्या दिशेनं सतत ढकल असते. छत दगडी कमानीचं असेल तर ही ढकल भिंतीच्या माथ्यावर येते. भिंत जितकी उंच, तितका तिला उलथवण्याचा जोर वाढतो. हा रेटा कधी सुट्टी घेत नाही.

अकराव्या-बाराव्या शतकातल्या बांधणाऱ्यांकडे यावर एकच खात्रीचा उपाय होता: भिंतच इतकी जाड करायची की रेट्याला ती हलवता येऊ नये. म्हणून त्या काळच्या चर्चमध्ये किल्ल्याच्या तटासारख्या भिंती आणि त्यात लहानशा खिडक्या दिसतात. एवढं करूनही धोका टळत नसे. क्लुनीच्या मठातल्या प्रचंड चर्चच्या छताचा काही भाग 1125 मध्ये कोसळला. आत उजेड हवा तर भिंतीला भोकं पाडायला हवीत, आणि भोकं पाडली की रेटा झेलणारं वजन कमी होतं. जवळजवळ शंभर वर्षं बांधणारे या पेचात होते.

टोकदार कमान ही या पेचाची पहिली गाठ सुटण्याची जागा. ती युरोपनं शोधलेली नव्हे. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत नवव्या शतकातच टोकदार कमानींच्या ओळी उभ्या होत्या, आणि क्लुनीच्या त्या चर्चमध्येही टोकदार कमानी होत्याच. नवं होतं ते तिचा भूमितीसाठी करून घेतलेला वापर.

अर्धगोल कमानीचा एक हट्ट असतो: तिची उंची रुंदीच्या निम्मीच असते, कमी नाही, जास्त नाही. आता सोयीसाठी छताचा एक आयताकृती चौक घेऊ, 14 मीटर रुंद आणि 7 मीटर लांब. गॉथिक छतात अशा चौकाच्या चारही कडांना कमानी असतात आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या कमानी एकमेकींना छेदतात. या दगडी फासळ्या. चौकाचा कर्ण येतो साधारण 15.6 मीटर. सगळ्या कमानी अर्धगोल केल्या तर रुंद बाजूची कमान 7 मीटर चढते, अरुंद बाजूची साडेतीन मीटरच, आणि कर्णावरची 7.8 मीटर. तिघींचे माथे तीन वेगळ्या पातळ्यांवर. मग अरुंद कमानीला उंच खुंट्यांवर चढवा, नाहीतर कर्णावरची चपटी करा, असली तडजोड करावी लागते.

टोकदार कमान दोन वर्तुळखंड मिळून होते. ते खंड कुठल्या मध्यबिंदूतून काढायचे हे बांधणाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे रुंदी काहीही असली तरी माथा हव्या त्या उंचीवर आणता येतो. तिन्ही कमानी एकाच पातळीवर भेटतात. यातून खिडकीचा मोठा फायदा झाला, कारण भिंतीच्या बाजूची अरुंद कमान आता छताच्या माथ्यापर्यंत चढू शकत होती आणि तिच्याखालची सगळी जागा काचेसाठी मोकळी झाली.

दुसरा फायदा रेट्याचा. वजन आणि रुंदी तीच ठेवून कमान अधिक उभट केली तर तिची आडवी ढकल कमी होते. ढोबळ हिशोब असा की कमानीची उंची दीडपट केली तर रेटा साधारण दोन तृतीयांशावर येतो. शिडी भिंतीला जितकी उभी लावू, तितकी ती खाली कमी घसरते, तसंच हे. पण कमी होणं म्हणजे संपणं नव्हे. टोकदार कमानीमुळे रेटा नाहीसा झाला असं पुष्कळदा लिहिलेलं आढळतं. तसं असतं तर शार्त्रच्या बाहेर ते दगडी जंगल उभारायची गरजच पडली नसती.

फासळ्यांनी आणखी एक काम केलं. छताचा भार आणि रेटा सबंध भिंतीवर पसरण्याऐवजी चौकाच्या चार कोपऱ्यांत गोळा झाला. म्हणजे भिंतीला सगळीकडे मजबूत असण्याची गरज उरली नाही. दर सात मीटरांवर जिथे कमानी उतरतात, तेवढी जागा सांभाळली की पुरे. मधला भाग फक्त पडदा. मग त्या पडद्यासाठी दगड कशाला वापरायचा?

पण त्या मोजक्या ठिकाणी रेटा आता एकवटला होता, आणि तोही जमिनीपासून पंचवीस-तीस मीटर वर. तिथे बाहेरून टेकू द्यायचा तर चर्चची रचनाच आड येते. मधलं दालन उंच असतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना, आपल्या जुन्या घराच्या पडव्यांसारखी, ठेंगणी दालनं असतात. भिंतीला चिकटून जाड टेकू बांधला तर तो थेट या पडवीत उतरतो आणि तिथली वाट अडवतो. म्हणून टेकू पडवीच्या पलीकडे, बाहेर उभा करावा लागला, आणि मधलं अंतर हवेतून ओलांडायला अर्धी कमान टाकावी लागली. हीच फ्लाइंग बट्रेस, म्हणजे उडता टेकू. अशा अर्धकमानी इंग्लंडमधल्या डरहम कॅथीड्रलमध्ये आधीपासून होत्या, पण पडवीच्या छपराखाली झाकलेल्या. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या कारागिरांनी त्या छपराच्या वर, उघड्यावर आणल्या.

पडवी हेच या टेकूच्या उडण्याचं कारण, याचा चोख पुरावा पॅरिसमध्ये आहे. 1248 मध्ये पूर्ण झालेल्या सेंत-शापेल या राजेशाही प्रार्थनागृहाच्या वरच्या मजल्यावर सुमारे 15 मीटर उंचीच्या काचा आहेत, भिंत जवळपास नाहीच. तरी बाहेर एकही उडता टेकू नाही. तिथे पडवी नाही, त्यामुळे जाड टेकू थेट भिंतीलगत उभे करता आले, आणि दगडांच्या आत लोखंडी साखळ्या घालून इमारत आवळली गेली. काचेसाठी उडता टेकू हवाच असं नाही. उंच दालन, दोन्ही बाजूंना पडव्या आणि वर काच, या तिन्ही गोष्टी एकदम हव्या असतील तर मात्र त्याला पर्याय नाही.

टेकूचं काम पाहायचं तर दहीहंडीचा थर आठवावा. वरच्यांचं वजन खालचे खांद्यावर घेतात, पण थर बाहेर उसवू नये म्हणून भोवती कडं करून उभी असलेली माणसं आतल्यांच्या पाठीला हात लावून रेटत असतात. त्यांच्या खांद्यावर कुणी नसतं, पण ती हलली की वरचा गोविंदा खाली येतो.

दगडात मात्र हा हात नेमका कुठे टेकवायचा हा नाजूक प्रश्न असतो. कमान खांबावरून जिथून उगवते, तिथे रेटा येत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात छताच्या कोपऱ्यातली खोबण दगड-चुन्यानं भरलेली असते आणि रेट्याची वाट त्या भरावातून थोड्या वरच्या पातळीवर बाहेर पडते. टेकू फार खाली लागला तर वरची भिंत बाहेर झुकते. फार वर लागला तर खालचा खांब मधेच बाहेर फुगू पाहतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी एकावर एक दोन कमानी दिसतात. खालची छताचा रेटा घेते. वरची बव्हंशी वाऱ्यासाठी असते, कारण छताच्याही वर उंच उतरतं लाकडी छप्पर असतं आणि सुसाट वाऱ्यात ते एखाद्या शिडासारखं वागतं. या दगडी हातांवर बहुधा पन्हळ कोरलेली असते. छपराचं पाणी त्यातून वाहत येऊन राक्षसमुखी पन्हाळ्यांतून भिंतीपासून दूर फेकलं जातं. पर्यटक ज्या भयंकर तोंडांचे फोटो काढतात, ती मुळात पाणी वाहून नेणारी तोंडं आहेत.

हात रेटा घेऊन बाहेरच्या जाड मनोऱ्यापर्यंत पोचवतो. मनोरा तो अडवतो स्वतःच्या वजनानं. आडवा रेटा आणि उभं वजन मिळून जी तिरकी दिशा तयार होते, ती मनोऱ्याच्या पायाच्या आतच जमिनीत उतरली पाहिजे. बाहेर गेली तर मनोरा उलथणार. त्यासाठी वजन वाढवायचं. माथ्यावर जो शोभेचा वाटणारा सुळका असतो, तोही वजनच असतो. तो विशेष करून वरच्या थरांतले दगड रेट्यानं सरकू नयेत म्हणून त्यांना दाबून धरतो.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हा टेकू कमानीचाच असल्यामुळे तोही ढकलतो, भिंतीला आत. छताचा बाहेरचा रेटा आणि टेकूचा आतला रेटा यांची कायमची झुंज चालू असते आणि तिच्या मधोमध भिंत उभी असते. 15 एप्रिल 2019 ला पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलला आग लागली आणि जळता कळस कोसळून दगडी छताचे काही भाग पडले, तेव्हा अभियंत्यांना धास्ती होती ती याचीच. आतून ढकलणारं छत पडलं तर बाहेरचे टेकू भिंतींना आत लोटतील. म्हणून सगळ्या 28 उडत्या टेकूंखाली लाकडी चौकटी बसवल्या गेल्या, प्रत्येक टेकूच्या मापाची वेगळी. टेकू बांधताना मध्ययुगीन सुतार कमानीखाली जे सेंटरिंग लावत, त्याचंच हे आजचं रूप. फरक इतकाच की तेव्हा ते बांधण्यासाठी होतं आणि आता थोपवण्यासाठी.

भिंत मोकळी झाली. आता एवढ्या मोठ्या भोकात काच उभी कशी करायची, हेही सोपं नव्हतं. त्या काळी मोठं तावदान बनवता येत नसे. वाळू आणि लाकडाची राख वितळवून फुंकलेल्या काचेचे लहान तुकडे कापून ते शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवत. निळ्यासाठी कोबाल्ट, तांबड्यासाठी तांबं. तांबडी काच जाड झाली तर काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर तांबड्याचा पातळ थर चढवत. पण शिसं मऊ असतं. अशी मोठी चादर स्वतःच्या वजनानं वाकते आणि वाऱ्यानं आत फुगते. म्हणून खिडकीत भक्कम लोखंडी गजांची जाळी बसवत आणि काच लहान लहान फलकांत तोडून त्या गजांना अडकवत. लांबून काळ्या रेघा वाटतात, त्या खरं म्हणजे वारा झेलणाऱ्या लोखंडाच्या आहेत. शार्त्रमध्ये अजून दोन उभ्या खिडक्या आणि वर एक गोल खिडकी, अशी रचना भिंतीच्या सपाट दगडात भोकं पाडून केली होती. 1211 मध्ये काम सुरू झालेल्या रँसच्या कॅथीड्रलमध्ये ते दगडही जाऊन फक्त सडपातळ दगडी काड्यांची नक्षी उरली.

बांधकाम झालं की सगळं थांबलं, असंही नाही. त्या काळचा चुना घट्ट व्हायला महिने, कधी वर्षं लागत. तोवर इमारत थोडी बसते आणि भिंती बाहेर झुकतात. कमानीचे पाय दूर गेले की तिचा माथा खाली येतो आणि माथ्याखाली, आतल्या बाजूला, लांबट भेग उघडते. ही भेग म्हणजे भूकंप नव्हे. केंब्रिजचे अभियंते जॅक हेमन यांनी विसाव्या शतकात दाखवून दिलं की अशा भेगा घेऊनही दगडी छत शतकानुशतकं उभं राहू शकतं, फक्त रेट्याची वाट दगडाच्या आतच राहिली पाहिजे. पाहायचं ते एवढंच की भेग वाढते आहे का. 1316 मध्ये शार्त्रच्या कॅथीड्रलची तपासणी करायला पॅरिसहून जाणत्या गवंड्यांना बोलावलं होतं. टेकूंच्या कमानींचे सांधे लवकर भरून घ्या, नाहीतर मोठं नुकसान होईल, असा त्यांचा अहवाल आजही उपलब्ध आहे.

अमिआँच्या कॅथीड्रलनं शार्त्रला मागे टाकलं. 1220 मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचं छत 42 मीटरांवर गेलं. मात्र वेदीकडच्या भागातले टेकू भिंतीला प्रमाणाबाहेर वर टेकवले गेले. वर अडलेला रेटा खाली मोकळा राहिला आणि खांब बाहेर सरू लागले. नंतरच्या पिढ्यांना आधीच्या टेकूंखाली आणखी दणकट टेकू बांधावे लागले. तेही पुरलं नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इमारतीच्या आत, मधल्या उंचीवर, लोखंडी पट्ट्यांची साखळी फिरवून तिला बांधून टाकलं. एका टेकूची जागा चुकली, तर त्याची भरपाई अडीचशे वर्षं चालू राहते.

मग बोव्हे. अमिआँपासून फार लांब नसलेल्या या गावानं 1225 मध्ये बांधकाम काढलं आणि 1272 मध्ये वेदीचा भाग पुरा केला. छत सुमारे 48 मीटर उंच, गॉथिक चर्चमध्ये सगळ्यात उंच. खांब मात्र सडपातळ आणि एकमेकांपासून लांब. पडव्या दुहेरी असल्यानं टेकूचे हात दोन टप्प्यांत टाकले. पहिला हात मधल्या एका बारीक मनोऱ्यावर थांबतो आणि दुसरा तिथून बाहेरच्या मोठ्या मनोऱ्याकडे जातो. हे मधले मनोरे खालच्या खांबांवर सरळ बसत नव्हते, थोडे बाहेर लोंबत होते.

बारा वर्षं छत टिकलं. 1284 च्या नोव्हेंबरात ते कोसळलं.

कारणाबद्दल अजून वाद आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. हेमन यांनी चुना हळूहळू आकसून सडपातळ दगडी खांबांवर भार सरकला असावा, अशी मांडणी केली. प्रिन्स्टनचे रॉबर्ट मार्क यांनी 1970 च्या दशकात पारदर्शक प्लास्टिकचे नमुने करून, त्यांच्यावर वाऱ्याचा भार देऊन, प्रकाशात दिसणारे ताणाचे पट्टे वाचले. त्यांच्या मते त्या मधल्या मनोऱ्यांत वाऱ्यामुळे ताण येऊन चुन्याचे सांधे उघडत गेले. दगड-चुना दाब कितीही सोसेल, ताण जवळजवळ सोसत नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: दोष उंचीचा थेट नव्हता, रेट्याच्या वाटेवरच्या एखाद्या बारीक दुव्याचा होता.

बांधणाऱ्यांनी मात्र त्यातून सरळ अर्थ काढला. दर दोन खांबांमध्ये आणखी एक खांब घातला. अंतर निम्मं झालं, छत पुन्हा त्याच उंचीवर गेलं, आणि आजही बोव्हेत खांबांची ती दाटी दिसते. मधले खांब नंतर आले हे ओळखायला फार जाणकार असावं लागत नाही.

सोळाव्या शतकात आडवं दालन पूर्ण झालं. नंतर लांबट मधलं दालन बांधायचं की मनोरा, असा प्रश्न आला आणि मनोरा निवडला गेला. 1569 मध्ये तो 153 मीटर उंच उभा राहिला. त्याच्या चार खांबांपैकी पूर्वेकडच्यांना वेदीच्या भागाचा आधार होता, उत्तर-दक्षिणेला आडव्या दालनाचा. पश्चिमेला मात्र मधलं दालन अजून बांधलेलंच नव्हतं, म्हणजे तिकडचा रेटा अडवायला काहीच नव्हतं. 30 एप्रिल 1573 रोजी, सणाच्या दिवशी, मनोरा खाली आला.

त्यानंतर पैसा उरला नाही. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात बोव्हेच्या टेकूंमधल्या जुन्या लोखंडी पट्ट्या कुरूप आणि निरुपयोगी समजून काढल्या गेल्या. इंग्लिश खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात वेदीचा भाग डोलू लागला, तेव्हा घाईनं पोलादी पट्ट्या परत बसवाव्या लागल्या. आडव्या दालनात पुढे लाकडी आणि पोलादी तीरही उभे करावे लागले. पश्चिमेला जिथे लांबट दालन यायचं होतं, तिथे ते कधीच आलं नाही. त्या जागी दहाव्या शतकातलं एक बुटकं जुनं चर्च पाडायचं राहून गेलं. त्याच्या भिंती जाड आहेत आणि खिडक्या लहान.